माकडाचा मेंदू आणि आपली सहानुभूती

महोदय,

खानापुरात परवा पालकांसाठी व्याख्यान झालं. मेंदूतल्या 'मिरर न्यूरॉन' नावाच्या पेशींमुळे दुसऱ्याचं दुःख कळतं आणि स्वमग्न मुलांत याच पेशी बिघडलेल्या असतात, असं वक्त्यांनी ठासून सांगितलं. शेजारी बसलेल्या आईचा चेहरा उतरला. तिचा मुलगा स्वमग्न आहे.

या पेशींवरचा मूळ प्रयोग इटलीतल्या पार्मा इथला. 1996च्या निबंधात दोन माकडांच्या मेंदूतल्या, हालचालींशी संबंधित एफ-5 भागातल्या 532 पेशींची नोंद आहे. त्यांतल्या 92 पेशी माकडानं स्वतः वस्तू उचलली तरी, आणि समोरच्या माणसानं उचलताना नुसतं पाहिलं तरी पेटायच्या. पण वस्तूच नसताना हातानं उचलल्याचा नुसता अभिनय केला, तर बहुतेक पेशी गप्प! दुःख, दया यांची मोजणी त्यात नव्हतीच. शिवाय पेशी पेटली म्हणजे तिच्यामुळेच अर्थ कळला, असं होत नाही.

माणसात अशा एकेका पेशीची थेट नोंद 2010 साली 21 अपस्मार रुग्णांत झाली; तीही उपचारासाठी मेंदूत आधीच बसवलेल्या तारांतून. स्वमग्नतेबाबतचे निष्कर्ष तर एकमेकांशी जुळत नाहीत. बरीच स्वमग्न मुलं समोरच्याच्या कृतीचा हेतू नीट ओळखतात. त्या आईला हे कोणी सांगायचं?

– एक निवृत्त शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)