आजीच्या वाढदिवसाचं पत्र

नाशिक, पंचवटी
4 ऑक्टोबर 2026

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

आजीला पाठवायचा मजकूर तू मला दाखवलास, ‘बाबा, बरा आहे का?’ असं विचारलंस. मजकूर बरा आहे. ‘उदंड आयुष्य लाभो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना’ यात चूक काहीच नाही. पण हेच वाक्य तिच्या फोनवर त्या दिवशी निदान वीस जणांकडून येणार आहे, फुलांच्या चित्रासकट. ती ते बोटाने वर सरकवते आणि मला म्हणते, ‘सगळ्यांना कळव रे, पोचलं म्हणून.’ तुझं तसं होऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

आजीचा जन्म 25 ऑक्टोबर 1950 चा, बुधवारचा. त्या रात्री कोजागिरी होती. पणजी सांगायची, दूध आटत ठेवलं होतं आणि ते कुणी प्यायलंच नाही. म्हणून आजी आपला वाढदिवस कोजागिरीलाच मानते आणि आपण सगळे 25 तारखेला फोन करतो. ती दोन्ही वेळा ‘हो हो’ म्हणते. यंदा मात्र 25 ऑक्टोबरलाच रात्री कोजागिरी आहे.

हा निव्वळ योगायोग नाही. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा 11 दिवसांनी लहान. म्हणून तिथी दरवर्षी मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुढे उडी मारते. 19 वर्षांत असे 7 अधिक महिने येतात. 19 गुणिले 12 म्हणजे 228, त्यात 7 मिळवले की 235 चांद्रमास होतात, आणि त्यांचे दिवस 19 सौरवर्षांच्या दिवसांशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. त्यामुळे माणसाची तारीख आणि तिथी 19, 38, 57 आणि 76 व्या वर्षी पुन्हा भेटतात. कधी एखादा दिवस इकडेतिकडे होतो, यंदा तेवढाही झालेला नाही. आजीला 76 पूर्ण होतायत. तुला डिसेंबरात 19 होतील, तेव्हा तुझीही ही पहिली भेट.

आता यातलं तुझ्या पत्रात काय घ्यायचं ते सांगतो. 19 वर्षांच्या 235 पौर्णिमा, तर 76 वर्षांच्या चौपट, म्हणजे 940. आजी पौर्णिमेलाच जन्मली, त्यामुळे हिशोब अगदी साफ आहे. सहस्रचंद्रदर्शनाला 60 पौर्णिमा उरल्या, म्हणजे अजून सुमारे 4 वर्षं 10 महिने. ‘आजी, तुझ्या 940 पौर्णिमा झाल्या, उरलेल्या 60 मी तुझ्याबरोबर मोजणार’ एवढं लिहिलंस तरी ते पाकीट ती पंचांगात आश्विनाच्या पानाशी ठेवून देईल, बघ. आणि संस्कृत हवंच असेल तर ‘जीवेत् शरदः शतम्’ लिही. तिथे वर्षं शरद ऋतूंनी मोजली आहेत, आणि ही तर शरद पौर्णिमेची.

पण मी लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

कोजागिरीला आपल्याकडे घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात, त्याची आश्विनी करतात. मी थोरला, म्हणून आई मला पाटावर बसवते. अजूनही, या वयात. गच्चीवर चंद्र वर आला की ताम्हनात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता घेऊन येते आणि आधी सुपारी-अंगठीने मग निरांजनाने ओवाळते. मागच्या वर्षी वाऱ्याने वात तीनदा विझली, तरी खाली घरात चल म्हणाली नाही. एका हाताचा आडोसा करून पुन्हा लावली. तेव्हा माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं आणि एकदम जाणवलं, की हीसुद्धा तिच्या माहेरची थोरली आहे. पाच भावंडांत पहिली. तिची आश्विनी पणजी करायची. पणजी गेल्यावर ती कुणीच केली नाही. आजोबा गेल्यापासून तर ओवाळून घ्यायचं म्हटलं की ती हात झटकते, ‘आता माझं काय ओवाळायचं’. मी दोनदा म्हणून पाहिलं. मला ती गप्प बसवू शकते. तुला नाही बसवू शकत.

तर हे तू माग. पत्रातच माग, फोनवर नको. फोनवर ती लगेच ‘नको गं’ म्हणेल, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द ती फिरवत नाही. कागदावर असेल तर दोन-तीनदा वाचेल, रात्रभर मनात ठेवेल. ‘करू द्याल का’, ‘तुला चालेल का’ असं लिहू नकोस. सरळ लिही, ‘आजी, यंदा तुझी आश्विनी करायची आहे. तू थोरली आहेस. मी इकडून बघणार आहे, आई ओवाळेल.’ कुंकवाबद्दल काही लिहू नकोस, ते तुझी आई तिच्याशी बोलेल.

मायना ‘तीर्थरूप आजीस, शिरसाष्टांग नमस्कार’ असा घाल. पाकिटावर नुसतं ‘ती.’ आणि नाव. आजोबा गेल्यावर एका नातेवाइकांनी ‘गं. भा.’ लिहून पत्र पाठवलं होतं. आजीने आतलं पत्र वाचायच्या आधी पेन मागून ती दोन अक्षरं खोडली. रीत म्हणून लिहिलं असेल, पण तिला ते लागलं होतं. शेवटी ‘तुझी चिऊ’ पुरे.

कागद कोरा घे, रेघांचा नको. काळं पेन, आणि अक्षर तुझ्या नेहमीच्या दुप्पट. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दूरचं स्वच्छ दिसतं, पण बारीक निळी अक्षरं तिला अजून पुसट दिसतात. एकाच बाजूला मावेल इतकंच लिही. पान उलटून पुढचं वाचताना तिचा धागा सुटतो, मग मला वाचायला सांगते, आणि हे पत्र माझ्या तोंडून तिने ऐकू नये असं मला वाटतं.

25 ला रविवार आहे, त्यामुळे त्या दिवशीच्या डाकेच्या भरवशावर राहू नकोस. 20 ला दसऱ्याची सुट्टी. बेंगळुरूहून गुरुवारी 15 तारखेपर्यंत स्पीड पोस्टात पडलं तर शनिवारी 24 च्या आत नक्की हातात येईल. लवकर आलं तरी चालेल. उलट तिला विचार करायला दिवस मिळतील.

रविवारी रात्री आठला आम्ही गच्चीवर असू. आठपर्यंत चंद्र समोरच्या इमारतीच्या वर येतो. व्हिडिओ कॉल मी लावेन, फोन कठड्यावर टेकवून ठेवेन. तू एकदम ओरडून ‘हॅपी बर्थडे’ म्हणू नकोस, तिचा डावा कान कमी ऐकतो आणि ती दचकते. आधी ओवाळून होऊ दे. दूध यंदा साखर कमी घालून आटवणार आहोत, चारोळी तुझ्या वाटची तिलाच देतो.

पाट मी माळ्यावरून काढून ठेवलाय. तिने विचारलं, एकच कशाला काढलास, दुसरा कुठे. मी म्हटलं, बघू.

तुझा,
बाबा