मुक्ता शनिवारी एकटी येतेय

मडगाव, गुरुवार

ती. आई-बाबांस शि. सा. न.

मुक्ता शनिवारी बसने एकटी म्हार्दोळला येणार, हे मी ठरवलंय. बाबा, रागावू नका. मला रजा नाही, आणि तिला बारावं सरलंय. पण खरं म्हणजे रविवारी तुम्ही झोपलेले असताना आईने तिला बसचा नकाशा समजावला, तेव्हाच मला धीर आला.

तिला पणजीवरून यायचं होतं. छापलेल्या नकाशावर मडगाव-पणजी रेष सरळ दिसते ना! आई म्हणाली, "बाय, हा नकाशा अंतर सांगत नाही, गावांचा क्रम सांगतो. दोन नावांमध्ये सगळीकडे बोटभर जागा, पण पणजी तीसेक किलोमीटर, आणि तिथून म्हार्दोळ आणखी वीसेक. ही दुसरी रेष बघ. राय, बोरीचा पूल, फोंडा. फोंड्याच्या गोलात पणजीची रेष येऊन मिळते. दोन रेषांचा एकच गोल असेल तिथेच बस बदलायची."

मुक्ताची भीती फोंड्याचीच होती. बसच्या पाटीवर म्हार्दोळ नसलंच तर? आईने पेन्सिलीने रेषेचं टोक गिरवलं. "पाटीवर शेवटचं गाव लिहितात, आपलं मधे पडतं. पाटी पणजीची बघ आणि चढायच्या आधी कंडक्टरला विचार, म्हार्दोळला थांबणार ना? विनाथांबा बस सरळ पणजीला नेईल."

"आणि झोप लागली तर?"

"फर्मागुडीची चढण आली की पिशवी खांद्यावर घे. पुढे उतार, मग म्हार्दोळ. मंगेशी आलं तर समज, पुढे गेलीस. उतर, रस्ता सांभाळून ओलांड आणि फोंड्याची बस धर. एखादा किलोमीटरच मागे यायचंय."

मुक्ताने फर्मागुडीभोवती दोनदा गोल काढलाय. कागद घडीवर फाटायला आला होता, मी मागून चिकटपट्टी लावलीय.

मडगावला मी स्वतः तिला पुढच्या सीटवर बसवीन. तिकिटाचे सुटे पैसे वेगळ्या पाकिटात दिलेत. फोंड्याला उतरल्यावर आणि दुसऱ्या बसमध्ये बसल्यावर ती तुम्हांला फोन करील. बस भरायला थांबली तर उशीर होतो, तेवढ्याने घाबरू नका.

बाबा, तिचा दुसरा फोन येईपर्यंत घरातून निघायचं नाही. गोळी घेऊन, छत्री घेऊन जा. पणजीकडे जाणाऱ्या बसच्या बाजूला उभे राहा, म्हणजे तिला एकटीला रस्ता ओलांडावा लागणार नाही. माझ्यासाठी उभे राहायचात ना, तसेच. खिडकीतून तुमची छत्री दिसली की मला घरी पोचल्यासारखं वाटायचं.

आई, गुडघे दुखत असताना खतखतं घालत बसू नकोस. सोलकढी-भात तिला पुरे. परतीचा नकाशा मात्र तूच समजाव, माझ्याकडून तो तिला पटत नाही.

तुमची,
सुमा