वाहन लीज मुदतीआधी मोडताना हिशेबाचा तक्ता मिळायलाच हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कंपनीमार्फत लीजवर मोटार घेऊन दरमहा पगारातून तिचे भाडे कापून देण्याची पद्धत आता सोलापुरातील नोकरदारांमध्येही दिसू लागली आहे. हिशेब लिहिण्याच्या व्यवसायामुळे अशी प्रकरणे माझ्याकडे येतात. चिंचोली एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी मध्येच नोकरी सोडली, तेव्हा लीज कंपनीने त्यांच्या हाती एकाच ओळीचे सेटलमेंट पत्र ठेवले. त्यात रक्कम होती, पण ती कशी आली याचा एकही आकडा नव्हता. त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

समजा, दहा लाखांची मोटार चार वर्षांच्या लीजवर घेतली, मुदतीअखेर तिची किंमत तीन लाख धरली आणि लीज कंपनीने वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १ टक्का परतावा गृहीत धरला. अशा वेळी कर वगळून महिन्याचे भाडे सुमारे २१,४३४ रुपये येते. या भाड्यात मोटारीची घटणारी किंमत आणि अडकलेल्या पैशांवरचे व्याज, असे दोन्ही भाग असतात. आता दोन वर्षांनी लीज मोडली, तर उरलेल्या चोवीस भाड्यांची सरळ बेरीज ५,१४,४०० रुपये होते आणि त्यात शेवटची धरलेली किंमत मिळवली की ८,१४,४०० रुपये होतात. अनेक पत्रांत याच बेरजेपासून सुरुवात केलेली असते. परंतु ही भाडी पुढच्या दोन वर्षांत यायची होती आणि त्यांत अजून न झालेले व्याजही आहे. त्याच १२ टक्के दराने ती भाडी आणि शेवटची धरलेली किंमत आजच्या मूल्यावर आणली, तर लीज कंपनीचे त्या दिवशी प्रत्यक्ष अडकलेले पैसे सुमारे ६,९१,६०० रुपयेच निघतात. पैसे आज परत मिळत असल्याने ते लगेच दुसऱ्या ग्राहकाला देता येतात. म्हणून मधले १,२२,८०० रुपये मागण्यास आधार उरत नाही.

यापुढचा आकडा मोटारीच्या विक्रीचा. परत घेतलेली मोटार लिलावात ५,२०,००० रुपयांना गेली, तर ती रक्कम वजा होऊन १,७१,६०० रुपयांची तूट उरते. करारात उरलेल्या मूळ रकमेवर ३ टक्के फोरक्लोजर, म्हणजे मुदतीआधी लीज संपवण्याचे, शुल्क असेल तर त्याचे सुमारे २०,७०० रुपये मिळवून, कराआधी १,९२,३०० रुपये देणे होते. सरळ बेरजेच्या रीतीने हाच आकडा ३,१५,१०० वर जातो. त्याहून वाईट प्रकार म्हणजे उरलेली सर्व भाडी वसूल करायची, मोटारही ठेवून घ्यायची आणि विक्रीची रक्कम पत्रात दाखवायचीच नाही. म्हणून लिलावात आलेल्या बोल्यांची प्रत आणि मोटारीचा तपासणी अहवाल मागावा, तसेच त्याच किमतीला मोटार स्वतः विकत घेता येईल का, हे विक्रीपूर्वीच लेखी विचारून ठेवावे.

विमा, देखभाल आणि दुरुस्ती भाड्यातच धरलेली असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. मोटार परत गेल्यावर या सेवा मिळणार नसतात, तरी त्यांचे पैसे उरलेल्या भाड्यांत तसेच राहिलेले मी पाहिले आहेत. ते आधी वगळून मगच पुढचा हिशेब करावा.

फोरक्लोजर शुल्कावर जीएसटी लागतो. लीज मुदतीआधी संपवू देण्याची सवलत मूळ सेवेशीच जोडलेली असल्याने तिच्यावर मूळ सेवेचाच दर लागू होतो, असे ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकात सांगितले आहे. त्यामुळे कर नाकारण्यात अर्थ नाही. तो कोणत्या रकमेवर लावला आहे, हे मात्र अवश्य पाहावे.

बदलत्या व्याजदराच्या कर्जांना मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काबाबत रिझर्व्ह बँकेने दिलेले संरक्षण लीजधारकाला त्याच आधारावर मागता येत नाही, कारण येथे मोटार लीज कंपनीच्या मालकीची असते आणि ग्राहक तिचे भाडे देतो. मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ७४ येथे उपयोगी पडते. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाईच देते. लिहिलेली सगळी रक्कम आपोआप मिळत नाही. वर सांगितलेली आजच्या मूल्याची रीत वाजवी भरपाई ठरवताना मांडता येते. करार नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावावर असेल, तर ही मागणी मनुष्यबळ विभागामार्फत लेखी करावी आणि कामावरून मुक्त होण्याआधी करावी, कारण अंतिम देणी देतानाच ही रक्कम पगारातून कापली गेली की ती परत मिळवणे फार अवघड जाते.

लीज कंपन्यांनी करारासोबतच प्रत्येक महिन्याची उरलेली रक्कम दाखवणारा तक्ता आणि वापरलेला दर जोडावा. भाडे ठरवताना हा तक्ता त्यांच्या संगणकात तयार झालेलाच असतो. तो ग्राहकाला स्वाक्षरीआधी द्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

आपला,
एक हिशेबनीस
जुळे सोलापूर