वार्षिक अहवालाचे आकडे तपासायला माणसे हवीत

पालक, माजी विद्यार्थी आणि शाळेचे हितचिंतक यांस,

शाळेचा वार्षिक अहवाल लवकरच व्यवस्थापन समितीपुढे यायचा आहे. शिक्षक तो तयार करतील, मुख्याध्यापक त्यावर सही करतील आणि आम्ही तो मंजूर करू. ज्यांच्या कामाचा हिशेब, त्यांनीच तो मांडायचा, अशी ही रीत आहे. त्यात कोणाची नियत खोटी नसते, पण मोजमाप सैल राहते. म्हणून यंदा तीन ठिकाणी बाहेरच्या माणसांची मदत हवी आहे.

पहिले काम वाचन ऐकण्याचे. पाठ्यपुस्तकातला उतारा दिला की बरीच मुले घडाघडा म्हणतात. बोट एका ओळीवर असते आणि तोंडात पुढची ओळ असते, म्हणजे ते पाठांतर झाले. असे मूल दिसले की त्याला उताऱ्याच्या मधूनच वाचायला सांगावे, लगेच कळते. आपल्याला मुलांनी न पाहिलेला उतारा द्यायचा आहे, तोही त्यांना वर्षभर न शिकवलेल्या माणसाने. शाळेच्या बाई समोर असल्या की मूल अडखळताच त्या नकळत पहिले अक्षर पुटपुटतात. यात त्यांचा दोष नाही, सवयच तशी असते. ऐकणाऱ्याने मात्र गप्प बसायचे आणि फक्त खूण करायची.

यातून येणारे आकडे आम्ही टक्क्यांत देणार नाही. का, ते एका कल्पित वर्गावरून सांगतो. गेल्या वर्षी चौथीत 10 मुले होती आणि 8 जणांना नीट वाचता आले, म्हणजे 80 टक्के. यंदा चौथीत 12 मुले आहेत, 9 जणांना वाचता येते, म्हणजे 75 टक्के. कागदावर शाळा घसरली. प्रत्यक्षात वाचणारे एकाने वाढले, आणि मुळात ही मुलेच वेगळी. बारा जणांच्या वर्गात एका मुलामागे आठ टक्क्यांहून जास्त फरक पडतो. एखाद्याला त्या दिवशी ताप असला तरी आलेख खाली येतो.

खरी गोष्ट कळते ती तीच मुले वर्षभराने पुन्हा पाहिली तर. त्या 12 मुलांपैकी 8 जण गेल्या वर्षी आपल्याच तिसरीत होते असे धरा. तेव्हा त्यांतल्या 5 जणांना वाचता येत होते, आता 7 जणांना येते. उरलेली 4 मुले यंदा नवी आली, त्यांतली 2 वाचतात. शाळेने वर्षभरात काय केले, ते 5 वरून 7 मध्ये दिसते. नव्या चौघांचे श्रेय आपले नाही आणि दोषही आपला नाही.

इथेच दुसरे काम येते. तिसरीतून काही मुले शाळा सोडून गेली असतील आणि ती वाचनात मागे असतील, तर काहीही न शिकवता वर्गाचा निकाल सुधारतो. म्हणून सोडून गेलेल्यांची संख्या आणि कारणे निकालाशेजारीच छापली जातील. दाखल्यावर बहुधा ‘पालकांच्या विनंतीवरून’ एवढेच असते, त्यातून काही कळत नाही. ज्या पालकांनी मूल काढले, त्यांनी खरे कारण सांगावे, कडू असले तरी. त्यांच्याशी बोलायला शिक्षक जाणार नाहीत, माजी विद्यार्थ्यांनी जावे. अहवालात मुलाचे किंवा घराचे नाव येणार नाही.

तिसरे काम जमाखर्चाचे. वर्षअखेरीस बँकेत शिल्लक दिसली की सगळे निर्धास्त होतात. समजा शिल्लक 100 भाग आहे. त्यातले 60 भाग वाचनालयासाठी म्हणून मिळालेली देणगी, 25 भाग पुढच्या वर्षाची आगाऊ फी. आपल्या हातचे उरले 15. आणि शेवटच्या महिन्याचे पगार द्यायचे आहेत 30 भागांचे. म्हणजे पासबुकात शंभर असूनही शाळा पंधरा भागांनी तुटीत आहे. ही फोड आम्ही करणार आहोतच, पण हिशेब कळणाऱ्या एखाद्याने पावतीपुस्तक, व्हाउचर आणि पासबुक शेजारी ठेवून ती पडताळावी. हे लेखापरीक्षण नव्हे, ते वेगळे होईल.

देणगीबद्दलही याच अनुषंगाने. वस्तूसाठी पैसे मिळतात, कारण वस्तूवर नाव घालता येते. पगार, वीजबिल, गळके छप्पर यांना दाता मिळत नाही, आणि तूट येते ती तिथेच. जमल्यास यंदा देणगी सर्वसाधारण निधीला द्यावी. विशिष्ट कामासाठी दिलेली रक्कम दुसरीकडे वळवली जाणार नाही, पगार थकले तरीही.

वाचन ऐकायला येणाऱ्यांनी सलग दोन सकाळी मोकळ्या ठेवाव्यात. स्वतःचे मूल ज्या वर्गात आहे, तो वर्ग मिळणार नाही. नावे शाळेच्या कार्यालयात द्यावीत. देणगीची पावती तिथेच लगेच मिळेल. तीवर हेतूची ओळ आहे, ती देणाऱ्याने स्वतः भरावी. कोरी राहिल्यास आम्ही ‘सर्वसाधारण’ असे लिहून तुमची सही घेऊ.

शाळा व्यवस्थापन समिती