दिग्या, तुझी जाहिरात आणि माझा हिशोब

पुणे

प्रिय दिग्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, सोबत पाठवलेली रेडिओ जाहिरातीची स्क्रिप्टही वाचली. परभणीत इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम टाकलंस याचा आनंद आहेच, वहिनींनी पेढे कुरिअर करायचं कबूल केलंय ते विसरू नका म्हणावं. पण स्क्रिप्टबद्दल सरळच बोलतो, कारण तू सरळ बोलायला सांगितलंयस आणि नसतं सांगितलंस तरी मी बोललोच असतो.

"फक्त 15 पैशात 1 किलोमीटर! मेंटेनन्स झिरो! 5 वर्षांत लाखाची बचत!" हे ऐकून माणूस स्टेशन बदलतो रे. खोटं आहे म्हणून नाही, तर मोजता येत नाही म्हणून. 15 पैसे म्हणजे नेमकं काय, माझ्या खिशात त्याचे किती उरणार, हे गाडीवर बसून ऐकणाऱ्याला कळत नाही आणि कळलं नाही की तो विश्वासही ठेवत नाही.

शिवाय ते 15 पैसे आले कुठून तेही बघ. बॅटरी 3 युनिटची, एका चार्जमध्ये 100 किलोमीटर, युनिट 5 रुपये, झाले 15 रुपये, भागिले 100. कागदावर बरोबर. पण बॅटरीत 3 युनिट भरायला भिंतीतून 3 पेक्षा जास्त ओढावे लागतात, चार्जर गरम होतो ना, ती वीजच असते, आणि मीटर भिंतीतली वीज मोजतो, बॅटरीतली नाही. गाडीच्या स्क्रीनवर जो खप दिसतो तो सहसा बॅटरीतून बाहेर गेलेला असतो, त्यामुळे तिथला आकडा नेहमी गोड वाटतो. वर पुन्हा मागे बायको, पुढे पिशवी, मे महिन्याचं ऊन, त्यात कंपनीच्या टेस्टमधली रेंज मिळत नाही हे तुझं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडून आधीच ऐकून आलेलं असतं. म्हणून मी 100 किलोमीटरला भिंतीतून 4 युनिट धरतो. तुझी गाडी बहुतेक त्याहून कमी खाईल, खाऊ दे.

आता तो 5 रुपयांचा दर, खरी गोम तिथेच आहे. महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं हे तुला माहितीच आहे, पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, त्यापुढे अजून महाग. ज्याच्या घरात फ्रिज, टीव्ही, पंखे आहेत त्याचे पहिले 100 घरातच संपतात, मग स्कूटरचा एकेक युनिट जाऊन पडतो वरच्या टप्प्यात. म्हणजे स्कूटरला सरासरी दर लावायचा नाही आणि पहिल्या टप्प्याचा तर नाहीच नाही, शेवटच्या युनिटाचा दर लावायचा. बिलाच्या मागे बघ, वीज आकार असतो, त्यावर वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार यात धरू नकोस, तो गाडी असो नसो भरायचाच असतो. हे सगळं जोडून मी युनिटला 14 रुपये धरलेत. तुझ्या घरचं आणि दोन-चार गिऱ्हाइकांचं ताजं बिल घे आणि 101 ते 300 च्या टप्प्यात आकडा कुठे बसतो ते स्वतः तपास, दर बदलत असतात, माझ्या भरवशावर छापू नकोस. उन्हाळ्यात कूलर लागला आणि घर 300 च्या वर गेलं तर तेवढ्या महिन्यांत 14 पण कमी पडतील हेही लक्षात ठेव.

पेट्रोलचं मात्र उलटं करायचं. परभणीत पेट्रोल पुण्यापेक्षा नेहमी महाग हे तू मला दर दिवाळीला ऐकवतोस, तरी जाहिरातीत आपण लिटरला 100 च धरायचे. आणि पेट्रोल स्कूटरचं ॲव्हरेज 50 धरायचं, गावातल्या ट्रॅफिकात 45 मिळालं तरी लोक खूश असतात हे माहीत असून. का म्हणशील? तर ऐकणारा लगेच मनात म्हणतो, "छे, 100 कुठलं, मी तर जास्त देतो, आणि माझी गाडी कुठे 50 देते!" आणि पुढचा हिशोब तो स्वतःच करतो, आपल्या बाजूने. तुझ्या स्क्रिप्टमध्ये सगळे आकडे तुझ्या बाजूला झुकलेत म्हणून ऐकणारा ते खाली ओढत बसतो. आपले आकडे आपल्याच विरुद्ध झुकवले तर त्याला वर ढकलण्याशिवाय पर्याय नाही. पंपावरचा दर एक-दोन रुपयांनी हलला तरी जाहिरात बदलावी लागत नाही, हा वरचा फायदा.

मग उदाहरण असं. रोज 30 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 750 किलोमीटर. पेट्रोलची गाडी 15 लिटर पिते, 1500 रुपये. इलेक्ट्रिक 30 युनिट खाते, 14 ने 420 रुपये. फरक 1080. आणि जाहिरातीत बोलायचं काय, तर "हजार रुपये". वरचे 80 सोडून दे. 15 लिटर आणि 30 युनिट हे दोन आकडे कानाला बसतात, पावणेसोळा लिटर वगैरे म्हटलं असतंस तर गेलं.

30 किलोमीटर उगाच नाही घेतले. इलेक्ट्रिक गाडी घेताना महाग पडते हे लपत नाही. समजा तुझ्याकडच्या मॉडेलमध्ये आणि पेट्रोलच्या गाडीत 20000 चा फरक आहे, तर या माणसाचे ते दीड-पावणेदोन वर्षांत सुटतात. पण जो रोज 8 किलोमीटर फिरतो, दुकान ते घर, त्याचे महिन्याला 4 लिटर म्हणजे 400 वाचतात आणि 8 युनिटचे 112 जातात, हातात उरले 288. त्याला ते 20000 सुटायला पावणेसहा वर्षं लागतील. त्याला गाडी विकू नको असं नाही म्हणत, तो आवाज नको, धूर नको म्हणून घेईल, पण त्याला बचतीच्या नावावर विकलीस तर वर्षभराने तो चौकात तुझं नाव काढेल आणि चांगल्या अर्थाने नाही. म्हणून जाहिरातीत अंतर आधी, रुपये नंतर. तुझं खरं गिऱ्हाईक म्हणजे शहरात राहून खेड्यावरच्या शाळेत जाणारे शिक्षक, एलआयसीवाले, एमआर, कृषी विद्यापीठात लांबून येणारे. मी शिक्षक घेतले.

स्क्रिप्ट लिहितोय, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची. आकडे मुद्दाम अक्षरात लिहिलेत, नाहीतर तो रेकॉर्डिंगवाला पोरगा "फोर ट्वेंटी" वाचेल आणि मग लोक भलतंच हसतील.

(शाळेची घंटा, स्टाफरूम, कपबश्यांचा आवाज)

सर: पगार झाला की पहिला मान पंपवाल्याचा!

मॅडम: किती जातात हो सर?

सर: येऊन-जाऊन रोज तीस किलोमीटर. महिन्याला पंधरा लिटर. शंभरनं धरा… दीड हजार.

मॅडम: मी पण तेवढीच येते-जाते, पण विजेच्या गाडीवर. महिन्याला तीस युनिट पडतात. चौदा रुपयांनी चारशे वीस.

सर: आणि शंभरनं कुठे मिळतं पेट्रोल!

मॅडम: असू द्या. शंभरनं धरलं तरी हजार वाचले ना?

सर: पण गाडी महाग पडली असेल.

मॅडम: पडली. म्हणून आधी रोजचं अंतर मोजलं, मग घेतली.

निवेदक: रोज तीस किलोमीटर फिरता? मग विजेचं बिल घेऊन या, हिशोब तुमच्यासमोर करू. (दुकानाचं नाव, पत्ता) हा हिशोब पेट्रोलला लिटरमागे पन्नास किलोमीटर, इलेक्ट्रिकला शंभर किलोमीटरमागे चार युनिट आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरून.

ते शेवटचं वाक्य भरधाव पळवून वाचायला लावू नकोस. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी जो माणूस घाई करतो त्याच्यासारखं झालं की लोकांना वाटतं इथेच काहीतरी लपवलंय. 2022 मध्ये केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढलेत, त्यात असंही आहे की दावा ज्या भाषेत त्याच भाषेत त्याचा खुलासा हवा, म्हणजे वर मराठीत हजार रुपये आणि खाली इंग्रजीत बारीक "अटी लागू" हे चालायचं नाही. फ्लेक्स छापशील तेव्हाही हे बघ.

"मेंटेनन्स झिरो" मी काढलंय. ऑइल बदलायचं नाही हे खरं, पण टायर झिजतात, ब्रेक झिजतात, आणि पहिल्या पंक्चरलाच तुझी जाहिरात खोटी पडते. पाच वर्षांची बचतही काढली, कारण पाच वर्षं म्हटलं की लोक लगेच बॅटरी बदलायचा खर्च विचारतात, आणि ते उत्तर वॉरंटीचा कागद समोर ठेवून द्यायचं असतं, रेडिओवर नाही.

आता एक काम तुझं, रेकॉर्डिंगच्या आधीचं. हे 4 युनिट माझ्या डोक्यातून आलेत, तुझ्या गाडीतून यायला हवेत. डेमोची गाडी घे, फुल चार्ज कर, किलोमीटरचा आकडा लिहून ठेव. दोघं जण बसून गावातून आणि जिंतूर रोडने फिरवा, इको मोडवर नाही, लोक चालवतात तशी. मग परत फुल होईपर्यंत चार्ज करा, पण मध्ये इलेक्ट्रिशियनकडून एक सबमीटर लावून घे, म्हणजे त्या प्लगमधून नेमके किती युनिट गेले ते कळेल. अर्धवट चार्जवर थांबलास तर आकडा खोटा येतो, आधी फुल, नंतरही फुल. युनिट भागिले किलोमीटर गुणिले 100. चाराच्या आत आलं तर स्क्रिप्ट अशीच जाऊ दे, साडेचार-पाच आलं तर आधी टायरमधली हवा आणि ब्रेक घासतोय का ते बघ, आणि तरीही तेवढंच आलं तर आकडा बदलू, मॅडमचे तीस युनिटऐवजी चौतीस ते अडतीस होतील, बचत हजाराच्या काठावर येईल आणि मग "हजार" म्हणायचं नाही, "साडेनऊशे" म्हणायचं. लोकांना साडेनऊशे जास्त खरं वाटतं असं माझं मत आहे, पण ते असो.

त्या सबमीटरच्या रीडिंगचे दोन्ही फोटो जपून ठेव. कुणी शोरूममध्ये येऊन भांडलं की मोबाइल पुढे करायचा.

रीडिंग झालं की मला आकडा पाठव, मी त्याच दिवशी शेवटची स्क्रिप्ट करून देतो. आणि मॅडमच्या आवाजासाठी बाहेरचं कुणी शोधू नकोस, वहिनींना विचार, त्या तशाही तुला हिशोब शिकवतातच.

तुझा,
विन्या