इन्सुलिनचं घड्याळ घरच्याच वेळेवर ठेव

बाळा,

तिकीट पाहिलं, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. विमानात बसल्याबसल्या सगळे घड्याळ बदलतात, तू मात्र हातातलं घड्याळ घरच्याच वेळेवर ठेव, फोन आपोआप बदलतो म्हणून त्याच्या भरवशावर राहू नकोस.

तू रात्री 10 ला ग्लार्जिन 18 युनिट घेतेस ना, तर विमानातही आपले रात्रीचे 10 वाजले की तेवढंच घे, बाहेर ऊन असलं तरी. पोचल्यावर तीच वेळ तिथे दुपारी साडेबाराची होईल. आता लगेच तिथल्या रात्री 10 ला घेऊ म्हणालीस तर दोन डोसमध्ये साडेतेहतीस तास जातील, ग्लार्जिन साधारण 24 तास पुरतं, म्हणजे शेवटचे नऊ-साडेनऊ तास बेसल जवळपास नाहीच आणि शुगर चढत जाणार. म्हणून रोज दोन तास पुढे सरकव, साडेबारा, मग अडीच, साडेचार, साडेसहा, साडेआठ, आणि मग 10.

जेवणाचं इन्सुलिन मात्र घड्याळावर नाही, ताटावर. ट्रॉली दिसली म्हणून मी एकदा सहा युनिट टोचून घेतलं आणि लगेच विमान हलायला लागलं, सगळ्यांना बसवून ठेवलं, जेवण पाऊण तासाने आलं तोवर माझी शुगर 62, हात थरथरत होते आणि ग्लुकोजच्या गोळ्या वरच्या कप्प्यातल्या बॅगेत. तेव्हापासून ताट समोर आलं आणि आपण खाणार हे नक्की झालं की मगच सुई. गोळ्या खिशात ठेव. 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम साखर, 15 मिनिटांनी परत तपास. आणि विमानात दोन जेवणं कधीकधी फार जवळजवळ येतात, अशा वेळी फक्त खाण्यापुरतं घे, शुगर जास्त दिसते म्हणून वर करेक्शन नको, आधीचं इन्सुलिन चारेक तास अंगात काम करत असतं, दोन्ही एकावर एक चढले की झोपेत शुगर पडते.

पेन हँडबॅगेतच, खालच्या सामानात गोठलं तर ते इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. विमानात कार्ट्रिजमध्ये बुडबुडे होतात म्हणून प्रत्येक वेळी सुई काढून ठेव आणि टोचायच्या आधी 2 युनिट हवेत सोडून बघ.

येताना उलटं, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. तिथे रात्री 10 ला घेतलंस की घरचा पुढचा रात्रीचा 10 चा डोस साडेचौदा तासांतच येतो, आधीचं अजून साडेनऊ तासांचं शिल्लक. पूर्ण 18 घेतलेस तर पहाटे लो होशील. माझ्या हिशोबाने त्या एका रात्री 11 च्या आसपास बसतं, पण हा आकडा माझा आहे, जायच्या आधी डॉक्टरांकडून जातानाचं आणि येतानाचं दोन्ही कागदावर लिहून घे आणि फोटो मला पाठव.

आई