ब्लीड ‘जास्त’ झालेल्या २००० पत्रकांबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, छपाई विभाग

विषय: आकाशकंदील कार्यशाळेची ए-५ पत्रकं, २००० नग

“बघतो आणि कळवतो” म्हणून तुमच्या माणसाने आत्ता चौथ्यांदा फोन ठेवला. म्हणून आता लेखी देते.

ए-५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड सोडून माझी पीडीएफ १५४ बाय २१६ ची होती. ब्लीडची ही हौस माझी नाही, तुमच्याच सूचनापत्रात तसं लिहिलंय. तरी हातात आलेल्या पत्रकांना वर आणि खाली पांढरी पट्टी आहे, सव्वा मिलिमीटरच्या आसपास. पार्श्वभूमी गडद केशरी असल्यामुळे ती लांबूनही दिसते.

पहिल्या फोनवर मला सांगितलं, कटिंग हललं असेल. कटिंग हललं तर एका बाजूला पांढरं येतं आणि समोरच्या बाजूचं जास्त कापलं जातं. इथे वर-खाली सारखंच आहे. मी पट्टी घेऊन क्यूआर कोडचा चौकोन मोजला. फाइलमध्ये तो २५ मिमीचा होता, छापून २४ चा आलाय. म्हणजे ब्लीड कापायच्या ऐवजी तुमच्या ऑपरेटरने अख्खं पान आवळून १५४ चं १४८ केलं. त्याच प्रमाणात २१६ चे २०७.६ होतात, आणि २१० ला कमी पडलेले २.४ मिमी वर-खाली वाटले जातात. हिशोब तुम्हाला समजावावा लागू नये, धंदा तुमचा आहे.

हे मी तिसऱ्या फोनवर सांगितलं. तो संवाद तसाच देते.

“मॅडम, तुमच्या फाइलला ब्लीड जास्त होतं.”
“किती हवं होतं?”
“तीन.”
“मी किती दिलंय?”
थोडा वेळ माउसचे आवाज. “तीनच दिसतंय.”
“मग जास्त कसं?”
“अहो, म्हणजे साइज ए-पाचपेक्षा मोठा होता ना. म्हणून आम्ही बसवून घेतलं.”

बसवून घेतलं! ब्लीड असतंच मुळी मापाच्या बाहेर, कापून टाकायला, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात तुम्ही प्लेट करायचं काम दिलंय. मी गप्प झाले तर त्याला वाटलं पटलं. मग मॅडमची ताई झाली: “ताई, हे तुम्हाला दिसतंय. लोकांना काय कळतंय? पत्रक शेवटी रद्दीतच जातं.” पत्रकं छापून पोट भरणाऱ्या कंपनीचा माणूस हे म्हणतो. सूचनापत्राच्या खाली हे वाक्यही छापा, गिऱ्हाइकांचा वेळ वाचेल.

आता काळ्या अक्षरांबद्दल. तारीख-वेळेचा मजकूर ८ पॉइंटचा आहे आणि तो मी निव्वळ काळ्या शाईत, इतर तिन्ही रंग शून्य ठेवून दिला होता. भिंगाखाली अक्षरांच्या कडेला निळी आणि गुलाबी झालर दिसते, मात्रा आणि अनुस्वार फुगलेत. म्हणजे माझी सीएमवायके पीडीएफ कोणीतरी आरजीबी जेपीजी करून परत सीएमवायकेत नेली. त्या फेऱ्यात निव्वळ काळा चार शाईंचा होतो, आणि प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षरं पसरतात. कंदिलाचा फोटो छापायच्या मापाला ३०० डीपीआयचा होता, तोही मऊ पडलाय. “पीडीएफ उघडत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा,” असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी नकार दिला. तुम्ही माझ्या नकळत तेच केलंत, एवढाच फरक.

कागद १३० जीएसएम आर्ट पेपर ठरला होता, बिलातही तोच आहे. वर्तमानपत्रात घालताना दुमडू नये म्हणून मी मुद्दाम जाड घेतला. पत्रकं लिबलिबीत लागली म्हणून १०० मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: २८० ग्रॅम. १३० चा कागद असता तर ४०४ भरायला हवे होते. २८० हा ९० जीएसएमचा हिशोब आहे. मिलमधून थोडंफार कमी-जास्त येतं हे मला मान्य आहे, पण तिसरा हिस्सा कागद उडून जात नाही. आणि हो, “बसवून घेतलं” हे मी अजून विसरलेले नाही.

कार्यशाळेची तारीख तुमच्यासाठी पुढे जाणार नाही. शनिवारपर्यंत मूळ पीडीएफवरून, आहे त्याच मापात, १३० जीएसएमवर नवी २००० पत्रकं द्या. प्लेट करण्याआधी एक प्रत मला दाखवा, मी पट्टी घेऊन येईन. जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. दोन्ही झालं नाही तर ही पत्रकं, बिल आणि काट्याचा फोटो घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

सहा वर्षं मी लग्नपत्रिकांपासून सगळं तुमच्याकडे छापलं. बहिणीलाही तुमचंच नाव सांगितलं होतं. काल तिला फोन करून थांबवलं.

सोबत: पांढऱ्या पट्टीची १० पत्रकं. उरलेली १९९० घेऊन जायला माणूस पाठवा, माझ्या घरात रद्दीला जागा नाही.